पर्जन्यछायेचा व्हिडिओ: पॉज करा, उत्तर द्या

४:१० ला थांबा. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढताना थंड का होते? "वर थंडी असते म्हणून" हे उत्तर चालणार नाही हां, दाब कमी झाला की हवेचं काय होतं ते सांगा. (पसरते, त्यात ऊर्जा खर्च होते, म्हणून गार.)

९:३५. फळ्यावरची आकृती न बघता वहीत काढा. ढग घाटाच्या कुठल्या बाजूला काढलेत?

१४:२० ला सर महाबळेश्वर आणि वाईची तुलना करतात, अंतर जेमतेम ३०-३५ किमी तरी वाईत पाऊस इतका कमी कसा? खाली उतरणारी हवा तापते की गार होते, आणि मग ढगांचं काय होतं? अडलात तर ९:३५ पासून परत बघा, स्पीड वाढवू नका.