विषय: १ जूनपासून आमचे दर वाढतायत, आणि १०० बॉक्सची छापील ऑर्डर बंद होतेय

नमस्कार,

गेल्या काही महिन्यांत तुम्ही आमच्याकडून छापील बॉक्सचं कोटेशन घेतलंत. काहींनी सॅम्पलही मागवलं. ऑर्डर अजून दिलेली नाही, आणि त्याबद्दल विचारायला हा मेल नाही. पण तुमच्या हातातला आकडा आता बदलणार आहे, तो तुम्हाला ऑर्डर देताना कळण्यापेक्षा आजच माझ्याकडून कळावा.

तर, १ जूनपासून दोन बदल. छापील बॉक्सची किमान ऑर्डर १०० वरून ३०० नग. आणि दरात वाढ: ३०० ते १००० नगांपर्यंत ९ टक्के, १००० च्या पुढे ६ टक्के. साध्या, बिनछपाईच्या बॉक्सचा दर आहे तसाच राहील आणि त्याची किमान ऑर्डरही ५० नगांचीच.

आधी किमान ऑर्डरबद्दल, कारण त्याचा फटका तुमच्यातल्या छोट्या ब्रँडना जास्त बसणार, हे मला दिसतंय.

चार रंगांचं काम म्हणजे चार प्लेट. त्या मशीनवर चढवायच्या, शाई सोडायची आणि मग रजिस्ट्रेशन जुळेपर्यंत, म्हणजे चारही रंग नेमके एकमेकांवर बसेपर्यंत, शीट काढत राहायच्या. आमचा ऑपरेटर दर आठ-दहा शीटनंतर एक ओढतो, कोपऱ्यातल्या त्या बारीक फुलीवर भिंग धरतो, मान हलवतो आणि ती शीट मागच्या गठ्ठ्यावर टाकतो. निळा रंग केसभर जरी सरकला असेल तरी तुमच्या लोगोची कड दुहेरी दिसते, त्यामुळे त्याला घाई करायला मी सांगू शकत नाही. मग डाय-कटिंगला पुन्हा तेच: दाब कमी पडला तर बॉक्स सुटत नाही, जास्त झाला तर घडीवर कागद फाटतो. सगळं मिळून एका कामामागे सुमारे ८० शीट आणि तीन तास जातात. त्यानंतर तुमच्या १०० शीट प्रत्यक्ष छापायला लागतात दोन-तीन मिनिटं.

म्हणजे मध्यम आकाराच्या, शीटला एकच निघणाऱ्या बॉक्सचा हिशोब केला तर १०० बॉक्ससाठी आम्ही १८० शीट वापरतो आणि ३०० साठी ३८०. वाया जाणारा गठ्ठा तेवढाच, फक्त तो किती बॉक्सवर वाटला जातो एवढाच फरक. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही १०० ची ऑर्डर ठेवली, कारण नवीन असताना येईल त्याला हो म्हणायचं असतं, आणि मोठ्या ऑर्डरींच्या पैशातून ते भागेल असं मी धरून चाललो. मार्चमध्ये बसून एकेका कामाचा खर्च मांडला, तेव्हा १५० च्या खालचं जवळजवळ प्रत्येक काम तोट्यात गेलेलं निघालं. मोठ्या गिऱ्हाइकांच्या खिशातून छोट्यांचा खर्च निघत होता आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. हे बरोबर नाही.

आता ते ९ टक्के. त्यातले ५ कागदाचे आहेत. आम्हाला गिरणीकडून येणारा दर वर्षभरात दोनदा वाढला. २ टक्के कामगारांच्या पगारवाढीचे. ती आम्ही एप्रिलमध्ये दिली आणि त्याबद्दल मला काही स्पष्टीकरण द्यावंसं वाटत नाही. उरलेले २ टक्के सरळ माझी चूक: कोटेशन काढताना वेस्टेज मी कमी धरत होतो. सोप्या भाषेत, ज्या बॉक्सला तुम्ही काल १०० मोजले असते त्याला जूनपासून १०९ मोजाल. १००० च्या पुढे तो वेस्टेजचा भाग प्रत्येक बॉक्सवर नगण्य राहतो आणि थोडाफार कागदही एकगठ्ठा घेतल्याने स्वस्त पडतो, म्हणून तिथे ६. बॉक्सच्या दर्जात काही बदल नाही, तोच कागद, आतला नागमोडी थर म्हणजे फ्ल्यूटही तोच. “सुधारित उत्पादन” वगैरे म्हणून वाढ गळी उतरवण्यात मला रस नाही.

तुमच्याकडचं कोटेशन १ जानेवारीनंतरचं असेल तर ते ३० जूनपर्यंत जसंच्या तसं पाळू. त्यावर लिहिलेली ३० दिवसांची मुदत संपली असली तरी चालेल, आणि त्यात १०० नग लिहिले असतील तर १०० च देऊ. अट एवढीच की माप आणि कागद बदलायचा नाही, आणि ३० जूनपर्यंत फायनल आर्टवर्क व निम्मी आगाऊ रक्कम आमच्याकडे आलेली हवी. एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो: शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम आले तर एरवी १८ दिवसांत निघणारा माल चार आठवड्यांवर जाऊ शकतो. दर मात्र तोच राहील.

तरीही, निव्वळ जुना दर मिळतोय म्हणून घाईने ऑर्डर देऊ नका. तुमच्या वस्तूचं माप किंवा बाटलीचा आकार अजून ठरायचा असेल तर थांबा. चुकीच्या मापाचे ३०० बॉक्स कोपऱ्यात पडून राहिले तर ९ टक्के वाचवल्याचं समाधान फार टिकत नाही.

३०० नग जास्त होत असतील तर दोन-तीन मार्ग आहेत. बॉक्स लहान असेल तर एकाच मापाची तीन डिझाइन एका शीटवर बसतात. प्लेट एकच सेट, तिन्ही मिळून ३०० झाले की पुरे. साबण, मेणबत्त्या, दागिने अशा छोट्या मालाला हे चांगलं जमतं. दुसरा मार्ग म्हणजे साधा बॉक्स आणि त्यावर छापील पट्टी किंवा स्टिकर. पट्टी लहान असल्याने एका शीटमधून बऱ्याच निघतात आणि पुढे मजकूर बदलला तरी बॉक्स वाया जात नाही. खरं सांगायचं तर पहिल्या सहा महिन्यांसाठी मी स्वतः हेच निवडलं असतं. आणि तुम्हाला खरोखर ६०-७० च छापील बॉक्स हवे असतील, तर डिजिटल प्रिंटिंग करणाऱ्याकडे जा. तिथे प्लेटच नसते. नगामागे महाग पडेल, पण एकूण खर्च आमच्यापेक्षा कमी येईल.

यापुढे दर कधीच वाढणार नाहीत, असं वचन मी देत नाही. आगाऊ रक्कम आली की त्या ऑर्डरचा दर गोठतो, मधे कागद कितीही वाढो. आणि डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा हिशोब मांडू. तेव्हा कागद उतरलेला असेल तर त्या ५ टक्क्यांमधून तेवढं कमी करू.

तुमचं जुनं कोटेशन सापडत नसेल किंवा नव्या दराने आकडा किती होतो हे बघायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या. ते थेट माझ्याकडे येतं. या वेळी आमच्याकडून घ्यायचं नाही असं ठरलं असेल तर तसंही कळवा, म्हणजे यादीतून तुमचं नाव काढून टाकतो आणि उगाच फोन येणार नाही.

आपला,
मकरंद
संस्थापक

ता. क. – सॅम्पल घरी असेल तर त्यात तुमची वस्तू गुंडाळीसकट ठेवून, झाकण लावून, एकदा जोरात हलवून बघा. आत खडखड झाली तर माप मला कळवा. १ जूनच्या आधी कळवलंत तर वरच्या अटीला अपवाद म्हणून मापातला तेवढा बदल जुन्याच कोटेशनमध्ये धरतो.