दत्त मंदिर चौक ते जुना नाका: रस्ता अजून का झाला नाही, सगळं एकदाच सांगते

नमस्कार मंडळी, प्रभागातल्या सगळ्यांनाच.

कुठेही भेटले की पहिला प्रश्न एकच असतो, ताई रस्त्याचं काय झालं. किराणा घ्यायला गेले तरी तेच, लग्नाच्या हॉलमधे अक्षता हातात घेऊन उभी असले तरी तेच. विचारायलाच पाहिजे, धूळ तुमच्या घरात जाते, मणके तुमचे दुखतात. पण दर वेळी एकेकाला अर्धवट सांगितलं जातं आणि मग ग्रुपवर त्याचे चार अर्थ निघतात, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन वाचा.

आधीच सांगते, यात कोणाला दोष द्यायचा नाहीये. आधी पालिकेत प्रशासक होते, आता निवडून आलेले आम्ही आहोत, मधे ठेकेदार, पाणीपुरवठा, बांधकाम खातं, महावितरण, सगळे आपापल्या नियमाने काम करत होते. गंमत (खरंतर गंमत नाही) अशी की प्रत्येकाचा नियम बरोबर होता आणि तरी एकामागे एक लागून वर्ष गेलं.

सुरुवात गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून. दर वर्षी पावसाच्या आधी खड्डे बुजवायचं काम मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत होतं. 2025 ला आठवत असेल तुम्हाला, मे महिनाभर अवकाळी आणि मग मान्सून 26 मेलाच मुंबईत. म्हणजे जे पंधरा दिवस हातात असतात तेच गेले. आता पावसात डांबर का टाकत नाहीत हे बऱ्याच जणांनी विचारलंय. डांबर मिसळलेली खडी हॉटमिक्स प्लांटवरून साधारण 150-160 डिग्रीला निघते, आपल्याला जवळचा प्लांट म्हटलं तरी तास-सव्वातासावर, ट्रकवर ताडपत्री बांधून आणतात आणि 100 डिग्रीच्या खाली यायच्या आत पसरून रोलर फिरून झाला पाहिजे. चिक्कीचा पाक गार झाल्यावर लाटायला घेतला तर जे होतं तेच होतं, दबतच नाही. शिवाय खालची जमीन ओली असेल तर डांबर धरतच नाही, आठ दिवसांत पापुद्रा निघतो. म्हणून पावसाळ्यात प्लांटच बंद असतात आणि खड्ड्यात फक्त खडी-मुरूम किंवा कोल्डमिक्स पडतं, ते तात्पुरतंच असतं, आणि ते वाहून जाणार हे टाकणाऱ्यालाही माहीत असतं.

मग पाऊस संपल्यावर का नाही केला? कारण खालची पाइपलाइन. आपल्या रस्त्याखाली जुनी सिमेंटची लाइन होती, तिचे जॉइंट ठिकठिकाणी गळायचे. चौकात वरून रस्ता कोरडा असला तरी मधेच एक ओला पट्टा कायम दिसायचा ना, रिक्षा स्टँडसमोर, तो तिचाच. अशा लाइनवर नवीन रस्ता करणं म्हणजे सहा महिन्यांत परत खोदणं. पाणीपुरवठ्याने सांगितलं आधी लाइन बदलू, आणि ते बरोबरच होतं. दिवाळीच्या आसपास पण पाऊस येत राहिला त्यामुळे चर खणायचं काम लांबलं, पाइप पडले, नळजोडण्या हलवल्या, चर बुजवला.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला पण आधी माहीत नव्हती. चर बुजवला म्हणजे जमीन तयार झाली असं नाही. जानेवारीत मी इंजिनियर साहेबांबरोबर चालत गेले होते, पिठाच्या गिरणीसमोर त्यांनी कामगाराकडून पहार घेतली आणि चरावर नुसती सोडली, जोर न लावता. पहार वीतभर आत गेली. शेजारी दोन फुटांवर जुन्या रस्त्यावर तीच पहार आपटली तर ठण्ण आवाज आणि नुसता ओरखडा. म्हणाले, मॅडम यावर आज डांबर टाकलं तर स्कूलबसच्या चाकाखाली जूनपर्यंत इथे लांबट खड्डा तयार. शहरात सगळीकडे रस्त्याच्या एका कडेला जी लांब पन्हळ पडलेली दिसते ना, ती अशीच पडते. म्हणून वरचा भुसभुशीत मुरूम काढून, थरथराने पाणी मारून दाबून परत भरावा लागला, आणि मग छोटा खड्डा करून वाळू ओतून घनता तपासतात तशी तपासणी झाली. एका ठिकाणी ती नापास आली, तिथे परत. त्यात नवीन लाइनला प्रेशर देऊन टेस्ट केली तर शाळेच्या गेटजवळ एक जॉइंट पाझरला, तो आत्ताच सापडला हे आपलं नशीब. रस्ता झाल्यावर सापडला असता तर.

कागदाचं पण सांगते, कारण "फाइल अडकली" हे वाक्य सगळे म्हणतात पण फाइल कुठे कुठे जाते हे कोणी सांगत नाही. आधी मोजणी करून अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, निधी कुठल्या हेडखाली ते, मग ई-निविदा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नगरपालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत चालू असलेलं काम चालू राहतं पण नवीन कामाचा आदेश देता येत नाही, म्हणून पाइपचं काम सुरू होतं आणि रस्त्याचं थांबलेलं होतं, बघणाऱ्याला वाटायचं खोदून पळून गेले. निकाल 21 डिसेंबरला लागले. मग पहिली सभा, समित्या, विषयपत्रिकेवर विषय, ठराव.

निविदा फेब्रुवारीत निघाली. पहिल्या वेळी दोनच जण आले, स्पर्धा पुरेशी नाही म्हणून मुदतवाढ द्यावी लागली. मुदतवाढीवरून बरेच जण चिडले, मला फोन आले की मुद्दाम लांबवताय. अहो, एवढ्या लवकर दोघांतच उघडली असती तर तुम्हीच विचारलं असतं की घाई कशाला केली. मुदतवाढीत चार निविदा आल्या, दर आधीपेक्षा कमी आला. हे सगळं mahatenders.gov.in वर असतं, कोणालाही घरबसल्या बघता येतं, बघाच एकदा. वर्क ऑर्डर मार्चमधे निघाली.

मार्चमधेच का नाही सुरू केलं? आपल्या रस्त्यावरच्या शाळेत दहावी-बारावीचं सेंटर होतं. पोरं पेपरला धुळीतून, खडीवरून, उशीर होईल म्हणून पळत जाणार हे मला पटलं नाही आणि मुख्याध्यापकांनी पण विनंती केली होती. त्यानंतर रामनवमी, आणि परवा 14 एप्रिलची जयंतीची मिरवणूक, ती याच रस्त्याने जाते. खोदलेल्या रस्त्यावरून रथ कसा नेणार. म्हणून मिरवणुकीपुरता मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला. त्यावरही "मिरवणुकीसाठी होतो, आमच्यासाठी नाही" असं वाचलं मी. तो मुरूम आता निघणारच आहे, तो रस्ता नव्हे.

आता पुढचं, जे तुम्हाला खरं हवंय.

सोमवार 27 एप्रिलला काम सुरू. भाजी मंडईसमोरचा जो खोलगट भाग आहे, जिथे दर पावसात गुडघाभर पाणी साचतं, तो काँक्रीटचा होणार. डांबराचा खरा वैरी साचलेलं पाणी आहे, त्यामुळे तिथे कितीही वेळा डांबर टाका, टिकत नाही. काँक्रीट आधी घेतोय कारण त्याला 28 दिवस लागतात पूर्ण ताकद यायला. वर गोणपाट, पाण्याचे वाफे, रोज पाणी. वरून चार दिवसांत कडक दिसेल, तेव्हा कृपा करून बॅरिकेड सरकवून गाडी घालू नका, बाइकसुद्धा नको. पलीकडच्या प्रभागात एका रात्रीत कोणीतरी टेम्पो घातला आणि ते चाकांचे दोन पट्टे आजही तिथे आहेत. मंडईवाल्यांशी बोलणं झालंय, महिनाभर ते शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत बसतील. रहदारी शाळेच्या गल्लीतून वळवणार, गल्लीतल्या लोकांना त्रास होणार आहे, ते खरंच आहे, तेवढा महिना सांभाळून घ्या. आणि गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लावू नका, नाहीतर अॅम्ब्युलन्स यायची झाली तर पंचाईत होईल.

बाकीचा रस्ता डांबरी. खाली खडीचा थर, पाणी मारून दबाई, मग डांबराचे दोन थर. अर्धी अर्धी रुंदी घेऊन करणार म्हणजे पूर्ण बंद होणार नाही. चेंबरची झाकणं नवीन लेव्हलला उचलायची हे मी वर्क ऑर्डरच्या कागदात वाचून खात्री केलीय, कारण रस्ता वर आणि झाकण खाली हा आपल्याकडचा जुना आजार. महावितरणचे दोन पोल वळणावर अडचणीचे आहेत, त्यांचं शटडाऊन घेऊन ते हलवायचे आहेत, त्या दिवशी सकाळी लाइट जाईल, आदल्या दिवशी कळवते.

सगळं मृगाच्या आत म्हणजे 7 जूनच्या आत व्हावं असं वेळापत्रक केलंय. शब्द देते का? काँक्रीट आणि खालचे थर होतील असं मला ठामपणे वाटतं. डांबराचा वरचा थर मात्र पावसावर आहे, गेल्या वर्षीसारखा मे निघाला तर तो थर पावसाळ्यानंतर पडेल, आणि तेव्हा मी तुम्हाला आधी सांगेन, तुम्हाला विचारायला लागणार नाही. ओल्यावर घाईने टाकून फोटो काढायचा नाही एवढं ठरवलंय. ठेकेदारावर तीन वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी आहे, त्या काळात रस्ता खचला तर त्यांच्या खर्चाने नीट होणार, त्यांची अनामत तोपर्यंत पालिकेकडे राहते.

दर शुक्रवारी संध्याकाळी इथेच फोटो टाकेन, काम झालेलं असो नाहीतर थांबलेलं असो. थांबलं असेल तर का थांबलं तेही.

आता तुमच्याकडून एकच काम आहे आणि ते खूप महत्त्वाचं आहे. ज्यांना नवीन नळ कनेक्शन, ड्रेनेजची जोडणी, दुकानासाठी वेगळी लाइन, काहीही करायचं असेल त्यांनी आत्ता करा. रस्ता झाल्यावर खोदायची परवानगी मागितली तर ती सहज मिळणार नाही आणि मिळाली तरी खर्च बराच जास्त येईल, मला फोन करून भीड घालू नका. गॅसच्या पाइपलाइनवाल्यांना आणि फायबरवाल्यांना पालिकेने पत्र दिलंय की 25 एप्रिलच्या आत करा.

शनिवारी 18 तारखेला सकाळी 8 ते 11 दत्त मंदिराच्या पारावर पाणीपुरवठ्याचे आणि ड्रेनेजचे लोक बसणार आहेत, फॉर्म तिथेच मिळेल. रविवारी अक्षय तृतीया आहे म्हणून शनिवार घेतला. येताना घरपट्टीची चालू पावती आणि आधार कार्डची झेरॉक्स आणा, थकबाकी असेल तरी या, हप्त्याचं तिथेच विचारता येईल. भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतीपत्र लागेल. ज्या आजी-आजोबांना यायला जमत नाही त्यांचा फॉर्म शेजाऱ्यांनी भरून आणला तरी चालेल, सही तेवढी त्यांची असू द्या.