स्पर्शिकेच्या आधाराने मूळ शोधताना: तीन पायऱ्या, आणि एक गणित जिथे गाडी अडते

`x³ + x − 5 = 0` हे समीकरण घेऊ. `x = 1` ठेवलं की डावी बाजू `−3` येते, `x = 2` ठेवलं की `5`. मध्ये कुठेतरी ती शून्य होतेच. पण नेमकी कुठे? अवयव पाडून बघायचे तर परिमेय मूळ `±1` किंवा `±5` यांपैकीच असायला हवं, आणि चौघांपैकी एकही बसत नाही. घनसमीकरणाचं सूत्र आहे, पण त्यातून घनमुळांची एक लांबलचक पदावली हाती येते. तिची दशांशातली किंमत काढायला शेवटी कुठली तरी अंदाजाची रीत लागतेच. मग ती रीत थेट आपल्या समीकरणालाच का लावू नये?

डाव्या बाजूला `f(x)` म्हणू आणि तिचा आलेख डोळ्यांसमोर आणू. हा वक्र x-अक्षाला कुठे छेदतो ते सांगणं अवघड आहे, पण सरळ रेषा अक्षाला कुठे छेदते हे एका भागाकारात कळतं. म्हणून वक्रावरच्या एका बिंदूपाशी उभं राहायचं, तिथली स्पर्शिका काढायची आणि थोडा वेळ वक्र विसरून स्पर्शिकेलाच विचारायचं, तू अक्षाला कुठे भेटतेस? ती जिथे भेटते तो आपला नवा अंदाज. मग त्या अंदाजाच्या वर किंवा खाली जिथे वक्र असेल तिथे जायचं आणि पुन्हा स्पर्शिका काढायची.

`x₀` पाशी स्पर्शिकेचं समीकरण `y = f(x₀) + f′(x₀)(x − x₀)` असं आहे. यात `y = 0` ठेवून x काढला की नेहमीचं सूत्र मिळतं:

```
x₁ = x₀ − f(x₀) / f′(x₀)
```

सूत्र पाठ करण्यापेक्षा ही एक ओळ दरवेळी मनातल्या मनात मांडून बघावी असं मला मनापासून वाटतं. पुढे पद्धत का फसते ते या ओळीतच दिसतं, पाठ केलेल्या सूत्रात दिसत नाही.

या रीतीला न्यूटनचं नाव आहे, पण ती आज दिसते तशी त्याने मांडली नव्हती. १६६९च्या लेखनात तो प्रत्येक पायरीला नवी बहुपदी तयार करायचा आणि तिच्यातले लहान घात सोडून द्यायचा. एकच सूत्र पुन्हा पुन्हा वापरायची सुटसुटीत मांडणी जोसेफ रॅफसनने १६९०मध्ये छापली. अवकलज वापरून, बहुपदी नसलेल्या समीकरणांसाठीही ती टॉमस सिम्पसनने १७४०मध्ये दिली. म्हणून आपण न्यूटन-रॅफसन म्हणतो, आणि सिम्पसनचं नाव उगाचच मागे राहतं.

आता आकडे. आपल्या समीकरणासाठी `f′(x) = 3x² + 1`. हा कधीच शून्य होत नाही, नेहमी धनच असतो. म्हणजे वक्र सतत चढत जातो आणि वास्तव मूळ एकच आहे. सुरुवात मुद्दाम जरा लांबून, `x₀ = 1` पासून करू.

पहिली पायरी.

```
f(1)  = 1 + 1 − 5 = −3
f′(1) = 3 + 1     = 4
x₁ = 1 − (−3)/4 = 1.75
```

इथे क्षणभर थांबा. आपण मुळाच्या डावीकडे होतो आणि एका उडीत उजवीकडे, मुळाच्याही पलीकडे गेलो. गणित चुकलं का? नाही. `x` धन असताना हा वक्र वरच्या बाजूला वळत जातो, त्यामुळे त्याची प्रत्येक स्पर्शिका वक्राच्या खालीच राहते. खालून जाणारी रेषा अक्षाला वक्रापेक्षा उशिरा भेटणार, म्हणजे मुळाच्या उजवीकडेच. यातून एक छान गोष्ट हाती लागते. इथून पुढचे सगळे अंदाज मुळाच्या उजवीकडेच राहतील आणि दरवेळी थोडे थोडे आत सरकतील. वहीत एखादा अंदाज पुन्हा वाढलेला दिसला, तर बेरीज-वजाबाकीत चूक आहे हे लगेच ओळखता येतं.

दुसरी पायरी.

```
f(1.75)  = 5.359375 + 1.75 − 5 = 2.109375
f′(1.75) = 3 × 3.0625 + 1      = 10.1875
x₂ = 1.75 − 2.109375/10.1875 = 1.542945
```

तिसरी पायरी.

```
f(1.542945)  ≈ 0.21620
f′(1.542945) ≈ 8.14204
x₃ = 1.542945 − 0.21620/8.14204 = 1.516391
```

मूळ सात दशांश स्थळांपर्यंत `1.5159802` आहे. तिसऱ्या पायरीनंतर आपण त्यापासून फक्त ०.०००४११ इतके दूर आहोत. चौथी पायरी केली तर `1.5159803` येतं, म्हणजे फरक सातव्या दशांशात उरतो. मुळापासूनची चूक पायरीगणिक अशी घटत गेली:

```
x₀ : 0.516
x₁ : 0.234
x₂ : 0.02696
x₃ : 0.000411
x₄ : 0.0000001
```

सुरुवातीला चूक जेमतेम निम्मी होते, आणि मग एकाएकी कोसळते. हे नशिबाने होत नाही. मुळाजवळ नवी चूक ही जुन्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि तो गुणक `f″/(2f′)` मुळापाशी मोजून मिळतो. आपल्या समीकरणात तो साधारण ०.५७६ येतो. पडताळा घ्या: ०.०२६९६ चा वर्ग गुणिले ०.५७६ म्हणजे सुमारे ०.०००४१९, आणि प्रत्यक्षात चूक आली ०.०००४११. मुळाच्या जवळ पोचलात की बरोबर असलेल्या दशांश स्थळांची संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते. प्रत्येक वेळी अंतर निम्मं करणाऱ्या द्विभाजन पद्धतीला एकेका दशांश स्थळासाठी तीन-चार पायऱ्या मोजाव्या लागतात. ही ताकद इतकी मोठी आहे की ती कायमच मिळते असं वाटू लागतं. पण "मुळाच्या जवळ पोचलात की" ही अट तिथेच उभी असते.

आता दुसरं समीकरण घेऊ, `g(x) = x³ − 8x + 16 = 0`. यात `g′(x) = 3x² − 8`. दिसायला पहिल्यासारखंच आहे. `x = 0` पासून सुरुवात करणं अगदी स्वाभाविक, कारण तिथे आकडेमोड सोपी.

```
g(0) = 16,  g′(0) = −8   →   x₁ = 0 + 16/8 = 2
g(2) = 8,   g′(2) = 4    →   x₂ = 2 − 8/4  = 0
```

पुन्हा शून्य. मग पुन्हा दोन, मग शून्य. शंभर पायऱ्या केल्या तरी हेच. शून्याने भागाकार झाला नाही, आकडे भरकटत अनंताकडे गेले नाहीत, कुठेही काही मोडलं नाही. म्हणूनच हे अपयश मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासली तर अचूक आहे.

शून्याऐवजी जरा बाजूने सुरुवात केली तर सुटका होईल, असं पटकन मनात येतं. `x₀ = 0.1` घेऊन बघू:

```
0.1 → 2.0073 → 0.0429 → 2.0014 → 0.0081 → …
```

सुटका तर नाहीच, उलट शून्य आणि दोनच्या चक्राकडे आपण ओढले जातो, आणि तेही वाढत्या वेगाने. कारण `g″(0) = 0` आहे. शून्यापासूनचं लहान विचलन दोन पायऱ्यांनंतर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उरतं. मघाशी मुळाजवळ जो वेग आपल्या बाजूने होता, तोच इथे भलत्या ठिकाणी काम करतोय.

कारण आलेखात बघा. `x = √(8/3)`, म्हणजे साधारण १.६३३ पाशी या वक्राला एक दरी आहे. तिथे `g` ची किंमत सुमारे ७.२९ असते. वक्र खाली उतरतो, पण अक्षापर्यंत न पोचता मागे वळतो. शून्यापाशी उभं राहिलं तर उतार स्पष्ट दिसतो आणि स्पर्शिका सांगते, "अशीच खाली गेलीस की दोनपाशी अक्ष आहे." दोनपाशी पोचलं तर वक्र आधीच दरीच्या पलीकडचा चढ चढतोय, आणि तिथली स्पर्शिका उलट दिशेला, शून्याकडे बोट दाखवते. दोन्ही स्पर्शिका आपापल्या जागी खऱ्या आहेत. उजव्या बाजूला मूळच नाही हे सांगणं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे, कारण स्पर्शिकेला फक्त आपल्या बिंदूपाशी काय चाललंय तेवढंच कळतं. खरं मूळ दरीपासून दूर, ऋण बाजूला आहे: `g(−4) = −16` आणि `g(−3) = 13`.

याहून उघड अपयशंही आहेत. `f′` शून्य झाला तर स्पर्शिका आडवी होते आणि अक्षाला भेटतच नाही. `x` च्या घनमुळाला ही पद्धत लावली तर `x` पासून थेट `−2x` वर उडी बसते आणि दर पायरीला अंतर दुप्पट होत जातं. दुहेरी मूळ असेल तर पद्धत पोचते, पण चूक दरवेळी जेमतेम निम्मी होते, वर्गाचा वेग जातो.

चक्रातून बाहेर पडायचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे: मूळ ज्यात अडकलंय तो अंतराल सोडायचा नाही. `g(−4)` ऋण आणि `g(0)` धन, म्हणून मूळ `[−4, 0]` मध्ये आहे हे पक्कं. आता स्पर्शिकेचा सल्ला अंतरालाच्या आत असेल तरच ऐकायचा, नाहीतर मधला बिंदू घ्यायचा. त्याच फसव्या शून्यापासून निघू:

```
x =  0      स्पर्शिका: 2        बाहेर   → मध्य −2,  अंतराल [−4, −2]
x = −2      स्पर्शिका: −8       बाहेर   → मध्य −3,  अंतराल [−4, −3]
x = −3      स्पर्शिका: −3.6842  आत      → स्वीकार
x = −3.6842 स्पर्शिका: −3.5457  आत      → स्वीकार
x = −3.5457 स्पर्शिका: −3.5386  आत      → स्वीकार
```

मूळ चार दशांशांपर्यंत `−3.5386`. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये स्पर्शिकेचं ऐकलं नाही, आणि त्यामुळेच पुढच्या तीन पायऱ्यांमध्ये तिचं सगळं खरं ठरलं.