बारावी कला, मराठी : शनिवारच्या सॉक्रेटिक सेमिनारचं टिपण

शनिवारी दुसरा आणि तिसरा तास जोडून घेतला आहे. मजकूर : मुक्ता साळवे यांचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. लिहिणारी जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती, वय चौदाच्या आसपास. म्हणजे तुमच्याहून लहान. झेरॉक्सवर ओळींना क्रमांक घातले आहेत. बोलताना आधी ओळ सांगायची, मग मुद्दा.

जयंतीचं भाषण करून आणू नका. ‘त्या काळात एवढं धाडस!’ हे आम्हाला मान्यच आहे, पण त्याने चर्चा पुढे सरकत नाही. सॉक्रेटिससारखं एकमेकांना विचारत जायचं : हे कशावरून? कोणत्या ओळीत? मग या दुसऱ्या ओळीचं काय?

तयारीचे प्रश्न

शुक्रवारपर्यंत वहीत लिहून आणा. प्रत्येक उत्तराला निदान एक ओळ क्रमांक हवा.

१. वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा, असं म्हणणाऱ्यांचंच म्हणणं ती उचलते आणि त्यातून निष्कर्ष काढते : मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आम्ही धर्मरहित. इथे ती तर्क लढवते आहे, टोमणा मारते आहे, की खरंच विचारते आहे? लगेच पुढे ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता. त्यानंतर तुमचं उत्तर बदलतं का?

२. पेशवाई संपली १८१८ साली. तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचं काय होई, इमारतीच्या पायात माणसं कशी पुरत, हे ती सांगते. पण हे तिने पाहिलेलं असणं शक्य नाही. मग तिला कळलं कुठून? ऐकीव माहितीचं वजन कमी धरायचं का? (घरातल्या आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींचं वजन तुम्ही किती धरता, तेही आठवा.)

३. इंग्रजी राज्याबद्दल ती कृतज्ञतेने लिहिते. हा प्रश्न गुळगुळीत करू नका. ‘तिला राजकारण कळत नव्हतं’ हे उत्तर मी घेणार नाही, कारण बाकी निबंधात तिला बरंच कळतं. निबंध मिशनच्या नियतकालिकात छापला गेला, हे इथे मोजायचं का? मोजायचं तर किती?

४. ती कोणाकोणाशी बोलते? देव, ब्राह्मण, स्वतःची माणसं : संबोधन बदलतं त्या जागांखाली पेन्सिलीने रेघ मारा. ज्ञान हेच औषध, असं ती आपल्या लोकांना सांगते, तिथला सूर आधीपेक्षा वेगळा वाटतो का?

५. तुमचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही.

बैठक

आतल्या गोलात सतरा खुर्च्या, बाहेरच्या गोलात सतरा. तीस मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या फेरीची सुरुवात मी प्रश्न १ ने करेन, दुसरीची प्रश्न ३ ने, मग गप्प. माझ्याकडे बघून बोललात तर मी झेरॉक्समध्ये डोकं घालेन. शांतता पसरली तर पसरू द्या, पानं उलटा. हात वर करायचा नाही. दोघं एकदम बोलले तर कमी बोललेल्याला आधी संधी.

एक नियम मात्र कडक. मजकुरातले जातिवाचक शब्द वाचताना जसे आहेत तसे वाचायचे. पण ते उच्चारताना वर्गात कोणाकडेही वळून बघायचं नाही, आणि ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असं कोणाला विचारायचं नाही. स्वतःहून कोणी घरचं सांगितलं तर ऐकायचं.

बोलण्याची नोंद

बाहेरचा प्रत्येक जण आतल्या एकाच खुर्चीची नोंद ठेवेल. खुणा अशा : द = ओळीचा दाखला, प्र = प्रश्न, पु = दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला, ब = स्वतःचं मत बदललं, तो = मध्येच तोडलं. दाखल्यासोबत ओळ, ‘पु’सोबत खुर्चीचा क्रमांक. शिवाय त्या व्यक्तीचं एक वाक्य जसंच्या तसं.

सरावाच्या फेरीतली ही एक नोंद नमुन्यासाठी :

खुर्ची ७ : द (ओळ १४), तो, तो, पु (खुर्ची ३), प्र, ब.
वाक्य : “थांब, मी चौदावी ओळ अर्धीच वाचली होती.”

सहा खुणा, त्यातल्या दोन ‘तो’. तरी ही नोंद मला चांगली वाटते, कारण शेवटी ‘ब’ आहे आणि तो कशामुळे आला ते वाक्यात दिसतं. नुसत्या नऊ ‘द’ची नोंद याहून फिकी.

गुण

वीसपैकी तयारीला आठ, बोलण्याला सहा, ठेवलेल्या नोंदीला सहा. दोनदाच बोललात पण एकदा ‘पु’ आणि एकदा ‘द’ असेल, तर बोलण्याचे पूर्ण गुण मिळू शकतात. ज्यांना गोलात बोलायला फारच जड जातं त्यांनी गुरुवारी मधल्या सुट्टीत भेटा; पाचवा प्रश्न तुम्हीच मांडायचा, असं ठरवून ठेवू.

फेरी संपली की नोंदीचा कागद ज्याची नोंद आहे त्याच्या हातात द्या. त्याने वाचून खाली सही करायची, पटलं नाही तर एका ओळीत हरकत लिहायची, आणि मग कागद माझ्या टेबलावर.