सईसाठी चोरीचे सिनेमे

प्रिय सई,

'डोकं लावावं लागेल असे चोरीचे सिनेमे सांग, पण शेवट फोडू नकोस' हा तुझा निरोप ताईकडून मिळाला. बारावीची परीक्षा संपल्यावर कोडी सोडवायला आणखी कोडी मागणारी भाची मला लाभलीय, याचा मला फार आनंद आहे.

निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे बेत प्रामाणिक हवा. शेवटी जे उलगडतं त्याचे धागे आधी डोळ्यांसमोर येऊन गेलेले असावेत. ऐन वेळी योगायोगाने सुटका झाली की तू चिडतेस आणि ते बरोबरच आहे. दुसरं, टोळीतला प्रत्येक माणूस कामाचा हवा, म्हणजे एकाला काढलं तर बेत उभाच राहू नये. म्हणूनच 'हीट' (१९९५) हा मोठा सिनेमा असूनही इथे नाही. त्यात माणसं जबरदस्त आहेत, कोडं मात्र नाही.

'स्नीकर्स' (१९९२) सगळ्यात आधी बघ. सॅन फ्रान्सिस्कोतली ही टोळी बँकांकडूनच पैसे घेऊन त्यांच्या सुरक्षेतली भोकं शोधून देते. रॉबर्ट रेडफोर्ड म्होरक्या, सिडनी पॉटिए सीआयएतून बाहेर पडलेला, डॅन अॅक्रॉइडला सगळीकडे सरकारी कट दिसतात आणि डेव्हिड स्ट्रेदर्नचा व्हिसलर आंधळा आहे. एका प्रसंगात रेडफोर्डला गाडीच्या डिकीत कोंबून कुठेतरी नेलेलं असतं. परत आल्यावर व्हिसलर त्याला एवढंच विचारतो, की वाटेत काय काय ऐकू आलं? रस्त्याचा आवाज कसा होता, पूल लागला का? त्या आठवणींवरून हे लोक शहराच्या नकाशावर रस्ता शोधतात. तो प्रसंग सुरू झाला की तूही डोळे मिटून ऐक. स्क्रॅबलच्या सोंगट्यांचा एक प्रसंगही आहे. तिथे सिनेमा थांबवून वही-पेन घे, अक्षरं तुझ्याही समोर असतात.

मग 'रिफिफी' (१९५५). कृष्णधवल, फ्रेंच, आणि माझ्या मते या प्रकारातला सर्वांत सुंदर सिनेमा. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन अमेरिकन. हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे तिथे काम मिळेना, म्हणून युरोपात आलेला. तिजोरी फोडणाऱ्या इटालियन सेझारचं कामही त्यानेच केलंय. चौघांना पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान लुटायचंय, पण तिथला अलार्म जरा हादरा बसला तरी वाजतो. मग ते तसाच अलार्म मिळवून त्याच्याशी झटतात. हे करून पाहा, ते करून पाहा, जमलं नाही, आता दुसरं. विचार करणारी माणसं पडद्यावर दिसणं किती दुर्मीळ आहे, ते इथे कळतं. प्रत्यक्ष चोरी जवळजवळ अर्धा तास चालते आणि त्यात एक शब्द नाही, संगीत नाही. वरच्या मजल्याची जमीन फोडून खाली उतरायचंय, मग पडणारा चुना-माती अलार्म वाजवणार नाही का? त्यासाठी त्यांनी छत्री आणलेली असते. तिचं काय करतात ते तूच बघ. बोलता येत नसल्यामुळे चौघं नुसत्या नजरेने एकमेकांना कळतात, आणि टोळीतलं सख्य म्हणजे काय ते मला इथेच सर्वांत जास्त जाणवलं. शेवटचा भाग मात्र क्रूर आणि दुःखी आहे. सुरुवातीच्या भागातला एका बाईला मारहाण करण्याचा प्रसंग मला आजही बघवत नाही, तुलाही आधीच सांगून ठेवतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी इटलीचा 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' (१९५८) लाव. रिफिफीचीच गंमत करणारा, तितकाच मायेने केलेला. चोर बिनकामाचे, पण त्यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही.

'द किलिंग' (१९५६) हा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची रोकड लुटायची आहे. एकच शर्यत पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या माणसाच्या बाजूने, आणि निवेदक घड्याळातली वेळ सांगत राहतो. बारमध्ये भांडण उकरणारा पैलवान, घोड्यावर नेम धरणारा बंदूकवाला, खिडकीमागचा कारकून, सगळे तुकडे तुला मनात जुळवायचे आहेत. एका कागदावर वेळेचा तक्ता करत पाहिलास तर दुप्पट मजा येईल.

आता एक निरीक्षण, जे तुझ्याही लक्षात येईलच. सिनेमाने बेत आधी नीट समजावून सांगितला की तो बहुधा फसतो आणि लपवून ठेवला की बहुधा तडीस जातो. 'ओशन्स इलेव्हन' (२००१) यावर सुंदर खेळतो. लास व्हेगासमधल्या तीन कॅसिनोंची एकच तिजोरी, ती फोडायला अकरा जण. बेत सांगितलाही जातो आणि लपवलाही जातो. तयारीच्या भागात दिसलेली एकही वस्तू वाया जात नाही, म्हणून तिथे मोबाइल बाजूला ठेव. आणि म्होरक्या डॅनी आणि त्याचा जोडीदार रस्टी बारमध्ये बसून माणसं मोजतात तो प्रसंग बघ. रस्टी तोंडातून शब्द काढत नाही, डॅनी एकटाच बोलतो आणि तरी निर्णय दोघांचा होतो. रस्टी झालेला ब्रॅड पिट बऱ्याच प्रसंगांत काहीतरी खात असतो, आणि त्यातूनच त्या माणसाची बेफिकिरी दिसते.

आपल्याकडचा एकच घेतोय. १९८७च्या मार्चमध्ये मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या नावाजलेल्या सराफी पेढीवर सीबीआयचा खोटा छापा पडला. वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या, निवडलेल्या उमेदवारांनाच अधिकारी म्हणून छाप्याला नेलं. म्होरक्या माल घेऊन निघून गेला, उमेदवार त्याची वाट बघत राहिले आणि तो पुन्हा सापडला नाही. 'स्पेशल २६' (२०१३) याच घटनेवर बेतलेला आहे. प्रेमकथेची गाणी खुशाल पुढे ढकल. अनुपम खेर छाप्याच्या वेळी दरारा दाखवतात आणि काम संपलं की भित्रे कुटुंबवत्सल गृहस्थ होतात, तो फरक मात्र डोळे भरून बघ.

थायलंडचा 'बॅड जीनियस' (२०१७) तुझ्या वयाच्या मुलांचा आहे. तिजोरी नाही, पिस्तूल नाही, चोरायची आहेत ती परीक्षेची उत्तरं. हुशार लिन पियानोवरच्या बोटांच्या हालचालींना पर्यायांची अक्षरं जोडते. पुढे परदेशी प्रवेशपरीक्षेसाठी सिडनी आणि बँकॉक यांच्या वेळेतला फरक वापरायचा ठरतो. उत्तरपत्रिकेत गोल रंगवणं एवढं धडधडवेल असं वाटलं नव्हतं. लिन आणि तिच्या तीन सोबत्यांमध्ये पैसेवाले कोण आणि गरजू कोण, यावरच सगळं फिरतं, आणि म्हणून तो नुसता चतुर राहत नाही.

'इन्साइड मॅन' (२००६) शेवटासाठी राखून ठेव. सुरुवातीलाच 'छैय्या छैय्या' वाजेल, दचकू नकोस, सिनेमा अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक ली यांचाच आहे. मॅनहॅटनमधली बँक, दरोडेखोर ओलिसांना स्वतःसारखेच कपडे आणि मुखवटे घालायला लावतात. मध्ये मध्ये सुटकेनंतरच्या चौकशीचे तुकडे येतात, म्हणजे पोलिसांना चोर ओळखताच आलेला नाही हे तुला फार लवकर कळतं. पहिल्याच मिनिटाला दरोडेखोरांचा म्होरक्या झालेला क्लाइव्ह ओवेन कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, त्यातला प्रत्येक शब्द लिहून घे. अर्ध्या तासाने थांबव, चोर कसा बाहेर पडणार याचा अंदाज कागदावर मांड, फोटो काढून मला पाठव आणि मगच पुढचा भाग लाव.

तुझा,
संजूमामा