जिन्याच्या दिव्याचा टू-वे वायरिंग आराखडा: तळमजला ते पहिला मजला, अमळनेर

हा आराखडा अमळनेर येथील एका दुमजली घराच्या आतल्या जिन्यासाठी आहे; जिन्याचा एकच दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लावता-विझवता यावा यासाठी टू-वे पद्धत घेतली आहे. तळमजल्यावर बैठकीच्या खोलीत, जिन्याच्या पहिल्या पायरीशेजारी, स्विच 'अ' बसवायचा असून पहिल्या मजल्यावर जिना संपतो तेथे भिंतीवर स्विच 'ब' बसवायचा आहे. दिवा मधल्या लँडिंगच्या छताला, तेथील जंक्शन बॉक्सखाली, टांगला जाईल. दोन्ही स्विच जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर, ६ अँपिअरचे टू-वे प्रकारचे असावेत. दुकानात सारखेच दिसणारे वन-वे स्विच त्याच चौकटीत बसतात, म्हणून मागील बाजूस तीन टोके आहेत याची खात्री करूनच ते घ्यावेत. दिवा ९ वॅटचा एलईडी असून पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, एकफेजी आहे. डीबी म्हणजे घराच्या वितरण पेटीमधून या दिव्यासाठी जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा ६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी दिला आहे आणि त्याच्या आधी प्रवाहाची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे.

```
फेज       : एमसीबी ---लाल---> स्विच 'अ' चे कॉमन
ट्रॅव्हलर १ : 'अ' चे टोक १ ---पिवळी १--- 'ब' चे टोक १
ट्रॅव्हलर २ : 'अ' चे टोक २ ---पिवळी २--- 'ब' चे टोक २
हाफ       : 'ब' चे कॉमन ---लाल, पांढरी स्लीव्ह---> होल्डर
न्यूट्रल    : न्यूट्रल पट्टी ---काळी---> होल्डर
अर्थ       : अर्थ पट्टी ---हिरवी---> सर्व बॉक्स व दिवा
```

आता एकेका वायरचा प्रवास पाहू. सर्व वायरी तांब्याच्या, १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या आहेत. ९ वॅटचा दिवा अँपिअरचा अगदी लहानसा अंश घेतो, त्यामुळे दिव्यापुरते बोलायचे तर याहून बारीक वायरही चालली असती. परंतु वायर पाइपातून ओढताना तुटू नये, एमसीबीने तिचे नीट संरक्षण करावे आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतील पाइप तापला तरी इन्सुलेशनवर ताण येऊ नये, यासाठी ही जाडी ठेवली आहे. आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा गच्चीखालची भिंत रात्रीपर्यंत गरम राहते, हे वायरमनला सांगावे लागत नाही.

फेजची लाल वायर एमसीबीतून निघते, भिंतीतील पाइपाने सुमारे ५ मीटर जाते आणि थेट स्विच 'अ' च्या कॉमन टोकाला, म्हणजे आळीपाळीने बाकीच्या दोन टोकांना जोडल्या जाणाऱ्या टोकाला, संपते. तिला मध्ये कोठेही फाटा नाही. बैठकीच्या खोलीतील पंख्याचा किंवा सॉकेटचा फेज याच बॉक्समध्ये उपलब्ध असला, तरी तो या स्विचसाठी वापरू नये. तसे केल्यास जिन्याचा एमसीबी बंद करूनही स्विचमध्ये पुरवठा राहतो आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला त्याची कल्पना नसते.

स्विच 'अ' च्या उरलेल्या दोन टोकांवरून दोन ट्रॅव्हलर, म्हणजे दोन स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरी, निघतात. दोन्ही पिवळ्या रंगाच्या असून प्रत्येक टोकाला १ आणि २ अशा क्रमांकाच्या स्लीव्ह घालायच्या आहेत. त्या लँडिंगच्या जंक्शन बॉक्समधून न जोडता, न कापता सरळ पुढे जातात आणि स्विच 'ब' च्या बाजूच्या दोन टोकांना मिळतात. 'अ' ते जंक्शन सुमारे ४ मीटर आणि जंक्शन ते 'ब' सुमारे ५ मीटर असे अंतर असल्याने या दोन वायरींना मिळून १८ मीटर लागतील. ट्रॅव्हलर एकमेकींत बदलल्या गेल्या, म्हणजे १ च्या जागी २ लागली, तरी दिव्याच्या चालण्यात काही बिघडत नाही. फक्त स्विचच्या ज्या बाजूला दिवा लागत होता ती बाजू बदलते. दोन्हींना एकच रंग देण्याचे कारण हेच आहे. क्रमांक घातले आहेत ते पुढे कोणी बॉक्स उघडला तर वायर ओळखता यावी म्हणून. कोणत्याही क्षणी यांतील एक वायर फेजला जोडलेली असते, म्हणून दिवा विझलेला असला तरी ट्रॅव्हलरला हात लावणे धोक्याचे आहे.

स्विच 'ब' च्या कॉमनवरून जी वायर परत येते तिला आपले वायरमन हाफ म्हणतात. ती 'ब' पासून ५ मीटर मागे जंक्शन बॉक्सपर्यंत येते आणि तेथून अर्धा मीटर खाली होल्डरच्या मधल्या स्पर्शबिंदूला किंवा एलईडी फिटिंगच्या फेज टोकाला लागते. दोन्ही स्विच एकाच ट्रॅव्हलरकडे वळलेले असतील तर फेज हाफपर्यंत पोहोचतो आणि दिवा लागतो; एक १ कडे आणि दुसरा २ कडे असेल तर मार्ग तुटतो आणि दिवा विझतो. कोणताही एक स्विच हलवला की स्थिती उलटते. त्यामुळे या स्विचवर चालू आणि बंद अशी ठराविक बाजू नसते, हे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर स्विच उलटा बसला आहे अशी तक्रार नक्की येते.

न्यूट्रलची काळी वायर सर्वांत साधी आहे, पण चूक सर्वाधिक येथेच होते. ती डीबीतील न्यूट्रल पट्टीवरून निघून 'अ' च्या बॉक्समधून कोणत्याही स्विचला न लागता पुढे जाते आणि जंक्शनमधून थेट होल्डरला पोहोचते. स्विच 'ब' पर्यंत न्यूट्रल नेण्याची गरज नाही. वरच्या खोलीतून न्यूट्रल जवळ पडतो म्हणून तो घेऊ नये. फेज या सर्किटचा आणि न्यूट्रल या आरसीसीबीबाहेरच्या दुसऱ्या सर्किटचा झाला की आरसीसीबीला जाणारा आणि येणारा प्रवाह समान दिसत नाही, आणि तो पडतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात तर फेज इन्व्हर्टरच्या बाजूचा आणि न्यूट्रल थेट पुरवठ्याचा असे झाल्यावर लोडशेडिंगच्या वेळी दिवा लागतच नाही. या घरात जिन्याचा दिवा इन्व्हर्टरवर आहे, म्हणून त्याचा फेज व न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरकडून येणाऱ्या पट्टीवरूनच घ्यायचे आहेत.

जुन्या घरांत आणखी एक पद्धत आढळते. तीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही प्रत्येक स्विचच्या बाजूच्या टोकांना देतात आणि दोन कॉमनच्या मध्ये दिवा जोडतात. वायर वाचते आणि दिवाही दोन्हीकडून लागतो, पण दोन्ही स्विच फेजकडे वळले की दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरची दोन्ही टोके मात्र २३० व्होल्टवर असतात. शिवाय स्विचच्या आत फेज आणि न्यूट्रल शेजारी येतात, त्यामुळे ठिणगीतून शॉर्ट होण्याची शक्यता राहते. या घरात ती पद्धत वापरायची नाही. जुन्या धाब्याच्या भागातून लाकडी जिन्याकडे आलेली वायर अशा पद्धतीची निघाली, तर ती जोडून न घेता काढून टाकावी.

हिरवी अर्थ वायर डीबीपासून 'अ', जंक्शन, 'ब' आणि दिव्याचे धातूचे फिटिंग या सर्वांना अखंड जाते. तिची लांबी सुमारे साडेचौदा मीटर होते. एकूण वायर जोडणीच्या टोकांसह साठ मीटरच्या आत बसते, तरीही रंग वेगवेगळे असल्याने प्रत्येक रंग सुटा मोजून घ्यावा लागेल; ९० मीटरचे पूर्ण बंडल फक्त बाकीच्या घराचे कामही चालू असेल तर परवडते.

पाइप २५ मिलिमीटरचा ठेवला आहे. 'अ' ते जंक्शन भागात दोन ट्रॅव्हलर, न्यूट्रल आणि अर्थ अशा चार वायरी जातात. जंक्शन ते 'ब' भागातही चारच, पण न्यूट्रलच्या जागी हाफ असते.

कॉमन टोक ओळखताना फक्त मधले टोक पाहून विश्वास ठेवू नये. बहुतेक मॉड्युलर स्विचमध्ये ते मध्ये असते, तरी सर्वांत नाही. स्विच वायरी जोडण्याआधी मीटरने तपासावा: स्विचच्या एका बाजूला ज्या टोकाची एका शेजाऱ्याशी आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याशी सलगता मिळते ते कॉमन, उरलेल्या दोघांत ती कधीच मिळत नाही. फेजची वायर कॉमनऐवजी बाजूच्या टोकाला लागली, तर खालचा स्विच एका बाजूला असताना वरचा नीट चालतो आणि दुसऱ्या बाजूला असताना वरच्याने काहीच होत नाही. हे लक्षण दिसल्यास दिवा किंवा एमसीबी बदलत बसू नये, कॉमनच तपासावे.

काम परवानाधारक वायरमननेच करावे आणि मुख्य पुरवठा बंद केल्यावर इन्व्हर्टरही बंद करण्यास विसरू नये. जोडणी झाल्यावर दिवा काढून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि न्यूट्रलपासून अर्थपर्यंत इन्सुलेशन तपासावे, मूल्य १ मेगओमपेक्षा कमी नसावे. ही तपासणी स्विचच्या चारही जोड्यांत करावी, कारण एका स्थितीत एक ट्रॅव्हलर तपासणीबाहेर राहते. त्यानंतर पुरवठा देऊन चारही स्थितींत दिव्याचे लागणे-विझणे पाहावे. विझलेल्या स्थितीत निऑन टेस्टर मोकळ्या ट्रॅव्हलरवर मंद उजेड देऊ शकतो, कारण ती फेजच्या ट्रॅव्हलरशेजारी लांबपर्यंत धावते. टेस्ट लॅम्प लावल्यास तो लागत नाही. याच कारणाने हलक्या प्रतीचा एलईडी बंद असताना अंधुक चमकतो. तो चमकला तर वायरिंगमध्ये दोष शोधू नये, आधी चांगल्या प्रतीचा दिवा लावून पाहावा.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाणाऱ्यांसाठी तिसरा स्विच हवा, अशी मालकांची इच्छा आहे. त्यासाठी 'ब' पासून गच्चीच्या दारापर्यंत पाइप आत्ताच टाकून त्यात ओढतार सोडावी. पुढे 'ब' च्या जागी चार टोकांचा इंटरमीडिएट स्विच लावायचा. खालून आलेल्या दोन ट्रॅव्हलर त्याच्या एका बाजूला आणि गच्चीकडे जाणाऱ्या दोन ट्रॅव्हलर दुसऱ्या बाजूला लावायच्या. गच्चीवर नवा टू-वे 'क' बसवून त्याच्या कॉमनवरून हाफ परत 'ब' च्या बॉक्समध्ये आणायची आणि तेथे ती जुन्या हाफला कनेक्टरने जोडायची. 'अ', जंक्शन आणि दिवा यांना तेव्हा हात लावावा लागणार नाही.