खर्च किरकोळ

रिटर्न भरायचं म्हणून पाटकरांनी बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट उतरवून घेतलं. हवा होता फक्त व्याजाचा आकडा. पण पंचवीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाला एक्सेलची शीट उघडी मिळाली, की हात शिवशिवतातच. त्यात यूपीआयच्या नोंदी पानंच्या पानं सांडलेल्या. बारा रुपये, चोवीस रुपये, वीस, परत बारा. बघू तरी, म्हणून त्यांनी एका रिकाम्या चौकटीत टाइप केलं:

`=SUMIF(E:E,"<=100")`

उत्तर आलं ४१,८७०.

अर्थात यात भाजी होती, बसची तिकिटं होती, झेरॉक्स होती. पाटकर कामाला लागले. एकेक ओळ तपासून जे पोटात गेलं नाही ते उडवलं. कोथिंबिरीची जुडी उडवली. शहाळ्यावर मात्र बराच वेळ अडले. पित्त झालं होतं तेव्हाचं, म्हणजे औषधच, असं ठरवून तेही उडवलं. (हाच निर्णय ऑफिसातल्या कुणी घेतला असता, तर पाटकरांनी डॉक्टरची चिठ्ठी मागितली असती.)

उरलं ते असं. बॅलार्ड इस्टेटला ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा ११,८४४. वडापाव आणि भजीपाव ८,२६०. संध्याकाळी सीएसएमटीला डोंबिवली फास्ट धरण्याआधीचा समोसा, कधी भेळ, ६,२४०. त्यांनी वहीत बेरीज मांडली आणि शीटशी ताडून पाहिली. शीट म्हणत होती २६,३४४ आणि वहीत होते २६,४३४. पाटकरांना एकदम हुशारी आली. फरक नव्वदचा! पण नव्वदला नऊने भाग जातो, आणि नऊने भाग जाणारा फरक म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत, हे त्यांनी स्वतः कित्येक पोरांना शिकवलेलं. तीन आणि चारची जागा बदललेली. शीट बरोबर होती.

सव्वीस हजार! कटिंगवर!

गेल्याच महिन्यात त्यांनी साहेबांना नोट दिली होती, की ऑफिसचा चहापाण्याचा खर्च १९,१२० वर गेलाय, आवर घालायला हवा. एकोणीस माणसं आणि येणारेजाणारे धरून १९,१२०. चाळीस रुपयांचं व्हाउचर ‘पाहुणे कोण ते लिहा’ असा शेरा मारून परत पाठवणारा माणूस एकट्याने त्याहून सात हजार जास्त प्यायला होता. बरं, प्याला तरी एकटाच? चोवीस रुपयांच्या नोंदी निम्म्याहून जास्त. ‘राहू दे रे, मी देतो’ हे वाक्य वर्षभरात आपण किती वेळा टाकलं, ते आता ओळींनी कळत होतं.

“अगं, ऐकतेस का?” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

सुनंदाबाई ओट्यापाशी होत्या. फ्रिजचं दार नीट लागत नाही म्हणून त्याला स्टूल टेकवलेलं असायचं, ते सरकवून दूध आत ठेवत होत्या. नवा फ्रिज २४,९९० ला होता, दिवाळीत. ‘पैसे काय झाडाला लागतात?’ असं तेव्हा पाटकर म्हणाले होते.

त्यांनी आकडा सांगितला. बाई मुळीच दचकल्या नाहीत.

“मला वाटलं तीस तरी असतील,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी पोळी टाळता, तेव्हाच कळतं किती खाऊन आलात ते.”

“सोडूनच देतो सगळं. उद्यापासून.”

“काही नको. चहा सोडलात की आठ दिवस घरात तोंड चढवून बसाल, आणि ते आम्ही सोसायचं.” त्यांनी हात पुसले. “ते तुमच्या ऑफिसात काय असतं हो? ठरलेली रक्कम हातात द्यायची, खर्चाचे कागद दाखवले की तेवढीच परत भरायची.”

“इम्प्रेस्ट.”

“तेच. सोमवारी दोनशे रुपये मी देणार. फोनवरून द्यायचं बंद.”

पाटकरांना पद्धतीत काही खोट काढता येईना. ऑफिसात ती त्यांनीच लावली होती.

सोमवारी दोनशे मिळाले. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर सुनंदाबाईंनी मागची पानं कोरी असलेली मुलीची शाळेची वही काढली, चष्मा लावला आणि समोर बसल्या. पाटकरांनी खिशातला कागद दिला. तारीखवार, सुवाच्य अक्षरात. खाली शिल्लक आठ रुपये, नाण्यांसकट हजर.

बाईंनी बोट फिरवत खाली आणलं ते गुरुवारवर थांबलं.

“चहा चोवीस. दुसरा कुणाचा?”

“अगं, तो नवीन मुलगा आहे ना आमच्याकडे, त्याचा.”

“नाव लिहा,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि कागद परत सरकवला.